अग्रहक्क, तरता बोजा आणि तूट खातं

"पुतण्या पुण्याला मराठीतून बीकॉम करतोय, सुट्टीत इंदूरला आलाय. कंपनी मोडीत काढायच्या धड्यात नोट्समध्ये प्रेफरेन्शियल क्रेडिटर्सना 'पसंतीचे धनको', फ्लोटिंग चार्जला 'तरंगता आकार' आणि डेफिशियन्सी अकाउंटला 'तोटा खाते' लिहिलंय. हे बरोबर आहे का? आणि स्टेटमेंट ऑफ अफेअर्स म्हणजे ताळेबंदच ना?"

चारही चुकलेत, पण एकसारखे नाही. 'आकार' तर सरळ विनोद झाला, तो लाईट बिलावरचा स्थिर आकार. इथला चार्ज म्हणजे सातबाऱ्यावर बँकेचा चढतो तो बोजा, आणि हा शब्द मराठीत इतका मुरलेला आहे की दुसरा शोधूच नये. मी तरता बोजा म्हणतो, कोणी तरंगता म्हटलं तरी हरकत नाही.

मी सियागंजात एका वकील-सीए जोडीच्या ऑफिसात बरीच वर्षं हिशेब लिहिलेत, म्हणून नमकीनच्या कारखान्याचंच उदाहरण घेतो, आकडे माझ्या मनाचे. कारखान्याची इमारत आणि भट्ट्या बँकेकडे गहाण आहेत, त्या जागच्या हलत नाहीत, तो पक्का बोजा. पण डिबेंचरवाल्यांनी, म्हणजे कंपनीचे कर्जरोखे घेणाऱ्यांनी, पैसे दिलेत ते शेवेच्या डब्यांवर, बेसनाच्या पोत्यांवर आणि दुकानदारांकडच्या उधारीवर. आता सकाळचे डबे संध्याकाळी विकले गेलेले असतात, त्यांच्या जागी नवे येतात, आणि कंपनीला दर डब्यामागे डिबेंचरवाल्यांची परवानगी घ्यावी लागत नाही, बोजा मालावर नुसता तरत असतो. कंपनी मोडीत निघाली की ज्या क्षणी जे डबे गोदामात असतील त्यांवर तो बसतो. याला पुस्तकात 'स्फटिकीकरण' वगैरे लिहितात, मला विचाराल तर बोजा थिजला म्हणा, थंडीत डब्यातलं तूप थिजतं ना तसं, आधी पातळ होतं तोवर कुठेही वाहत होतं.

आता 'पसंतीचे'. इथे कोणाची पसंती नसते हो. कायदाच सांगतो की ही देणी आधी फेडा: १९५६ च्या कायद्यात, म्हणजे धड्यातली गणितं ज्यावर बेतलेली असतात त्यात, कलम ५३० खाली मागच्या बारा महिन्यांत देय झालेले सरकारी कर, नोकरांचा चार महिन्यांपर्यंतचा पगार ठरलेल्या मर्यादेत, असलं काही. म्हणून अग्रहक्काचे धनको. फक्त एक खड्डा आहे, मराठीत प्रेफरन्स शेअरलाही आपण अग्रहक्क भागच म्हणतो, आणि ते भागधारक रांगेत जवळजवळ शेवटी उभे असतात, सगळे धनको संपल्यावर. म्हणून मी 'अग्रक्रमाची देणी' असं वेगळंच लिहितो. आणि 'पसंती' हा शब्द वाया जाऊ देऊ नका, कंपनी बुडायच्या आधी सहा महिन्यांत मालकाने आपल्या साडूची उधारी गुपचूप फेडली आणि बाकीच्यांना टांगलं, त्याला कायद्यात फ्रॉड्युलंट प्रेफरन्स म्हणतात, तिथे 'कपटी पसंती' अगदी चपखल बसते.

गंमत ही की अग्रक्रमाची देणी पक्क्या बोज्याच्या मागे असतात पण तरत्या बोज्याच्या पुढे, म्हणजे मोकळी मालमत्ता पुरली नाही तर ती तरत्या बोज्याच्या मालातून फेडायची. (कामगारांचं वेगळं, १९८५ पासून त्यांची थकबाकी बँकेच्या बरोबरीने चालते, कागदावर. आपल्या हुकुमचंद मिलचं बघा, १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांचे पैसे सुटले २०२३ च्या डिसेंबरात.)

स्टेटमेंट ऑफ अफेअर्स म्हणजे ताळेबंद नाही, मी परिस्थितीपत्रक म्हणतो. ताळेबंद सांगतो वहीत किती आहे, हे पत्रक सांगतं विकायला काढलं तर किती येईल आणि ते कोणाच्या हातात पडेल. १९५६ च्या कायद्यात ते संचालकांनी शपथेवर भरून अवसायकाला, म्हणजे कंपनी मोडीत काढायचं काम बघणाऱ्याला, द्यायचं असायचं, एकवीस दिवसांत. (इंदूरला त्यांना शासकीय समापक म्हणतात, ते हिंदी, मराठीत सहकारी बँकांमुळे अवसायक रुळलाय.)

तर कारखान्याची इमारत-भट्ट्या वहीत ३० लाख, येतील २२. बँकेचे १८ गेले, ४ उरले. माल वहीत १४, येईल ८, उधारी ९ पैकी ५ वसूल होईल, रोकड १. म्हणजे हातात १८ लाख. त्यातून अग्रक्रमाची ३ लाख दिली, १५ राहिले. डिबेंचर १२, राहिले ३. आणि दारात बेसनवाले, तेलवाले, डबेवाले उभे आहेत १६ लाख घेऊन. म्हणजे धनकोंच्या दृष्टीने तूट १३ लाख, रुपयाला पावणेएकोणीस पैसे मिळतील. भागधारकांचे १० लाख धरले की एकूण तूट २३.

मग हे २३ आले कुठून, ते सांगणारं खातं म्हणजे डेफिशियन्सी अकाउंट. परिस्थितीपत्रकाचा जो फॉर्म ५७, त्यातली ती शेवटची यादी, 'एच'. किमान तीन वर्षं मागे जायचं. आपल्या कारखान्याकडे तीन वर्षांपूर्वी २ लाखांची शिल्लक होती, मग धंद्यात ६ लाख तोटा झाला, त्याच काळात १ लाख लाभांशही वाटला (हे लोक असंच करतात), आणि आता मालमत्ता वहीपेक्षा १८ लाख कमी येतेय, इमारतीत ८, मालात ६, उधारीत ४. सहा, एक आणि अठरा, पंचवीस, त्यातून जुने २ वजा, तेवीस. जुळलं. बघा, लाभांश हा तोटा नव्हे, तरी तुटीत भर घालतो, म्हणूनच 'तोटा खाते' लिहिणारा विद्यार्थी हमखास लाभांश विसरतो आणि मग २२ वर अडकून रात्रभर आकडा शोधत बसतो. तूट खातं म्हणा, न्यूनता खातंही चालेल, जरा वजनदार आहे.

अजून एक तपासून घ्यायला सांगा त्याला, डिबेंचर कधीचे आहेत ते. कंपनी मोडीत निघण्याच्या आधीच्या बारा महिन्यांत तरता बोजा जुन्या उधारीपोटी चढवला असेल आणि तेव्हाच कंपनीला देणी झेपत नसतील तर तो टिकत नाही, त्या वेळी रोख नवे पैसे आले असतील तेवढ्यापुरताच टिकतो. समजा आपला असाच निघाला, तर १५ लाख २८ लाखांच्या धनकोंमध्ये वाटले जातील, रुपयाला साधारण साडेत्रेपन्न पैसे. तूट तीच, १३ लाख, पण तेलवाल्याला तिप्पट जवळ मिळाले आणि डिबेंचरवाला रांगेत मागे गेला.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत रांग बदललीय, सरकारी कर बरेच खाली गेलेत, तेव्हा पेपरात कुठला कायदा धरायचा ते सरांना विचारून घे म्हणावं.