अपठित उताऱ्याची सरावपत्रिका: पूर्ण वाक्यातील उत्तर आणि शीर्षक

प्रश्न: मुलगी सहावीत आहे. तिला उतारा कळतो, तरी ‘पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा’ आणि ‘योग्य शीर्षक द्या’ यांत गुण जातात. घरी सरावपत्रिका कशी तयार करू?

उत्तर: उतारा पाच-सहा वाक्यांचाच घ्यावा, मात्र त्यात एखादे कारण आणि दोन-तीन सर्वनामे असावीत, कारण मुलांची चूक बहुधा तिथेच होते. माझ्या वर्गातला एक उतारा देतो.

‘बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर फार पूर्वी उल्कापातामुळे तयार झाले. त्याचे पाणी खारट आणि अल्कधर्मी असल्यामुळे ते पिण्याच्या उपयोगाचे नाही. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी दिसू लागले. उन्हाळ्यात ते आटून त्याचा खारेपणा वाढला होता. अशा पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल झाला. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.’

पहिला प्रश्न सोपा ठेवावा: लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे? ‘बुलढाणा’ एवढेच लिहिले तर ते पूर्ण वाक्य होत नाही. प्रश्नातला ‘कोणत्या’ हा शब्द काढून त्या जागी उत्तर ठेवले आणि बाकीचे शब्द तसेच राहू दिले, की ‘लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे.’ हे वाक्य आपोआप तयार होते.

खरी कसोटी ‘का’च्या प्रश्नात लागते. ‘लोणार सरोवराचे पाणी गुलाबी का दिसू लागले?’ असे विचारल्यावर मुले उताऱ्यातली ओळ उचलून ‘अशा पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल झाला.’ असे लिहितात. वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे, पण ‘अशा’ म्हणजे कशा आणि ‘हा बदल’ म्हणजे कोणता, हे त्यातून कळत नाही, शिवाय पाणी आटल्याचा उल्लेखही सुटतो. मुलीला उतारा हाताने झाकून फक्त आपले उत्तर वाचायला सांगा. जिथे अर्थ अडेल तिथे सर्वनाम काढून नाम घालायचे. मग उत्तर असे होईल: ‘उन्हाळ्यात पाणी आटून खारेपणा वाढल्यामुळे आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे लोणार सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले.’ उत्तराची सुरुवात ‘कारण’ने करण्याची सवयही यामुळे सुटते.

शीर्षकाचा प्रश्न शेवटी ठेवावा आणि तीन पर्याय देऊन मुलीलाच दोन खोडायला लावावेत. ‘गुलाबी पाणी’ हे मुलांचे लाडके शीर्षक, पण ते उताऱ्याच्या निम्म्याच भागाला लागू पडते. उल्कापात आणि रामसर दर्जा त्याच्या बाहेर राहतात. ‘महाराष्ट्रातील सरोवरे’ हे उलट इतके मोठे आहे, की त्याखाली दुसराच उतारा चालेल. ‘वैशिष्ट्यपूर्ण लोणार सरोवर’ मात्र प्रत्येक वाक्याला लागू पडते. शीर्षक दोन ते चार शब्दांचे असावे आणि त्यापुढे पूर्णविराम देऊ नये. मुलीने याहून वेगळे, पण सगळ्या वाक्यांना पुरणारे शीर्षक सुचवले, तर माझ्या मते पूर्ण गुण द्यावेत; उत्तरसूचीतलेच शब्द हवेत असा आग्रह धरू नये.