बालवाडीत भाज्यांचे आणि पानांचे ठसे

प्रश्न: "आमच्या बालवाडीत वीस मुलं आहेत, चार-पाच वर्षांची. मी आणि मदतनीस मावशी, दोघीच. भाज्यांचे आणि पानांचे ठसे घ्यायचेत. शंभर रुपयांत भागवायचंय. मागच्या वेळी बटाट्याचे ठसे केले तर नुसते रंगाचे डाग उठले, गणवेश खराब झाले आणि फरशी धुण्यात दुपार गेली. नक्की कसं करू? गाव देवगडजवळ आहे."

उत्तर:

डाग उठणं आणि फरशी खराब होणं या दोन्हींचं कारण एकच आहे, ते म्हणजे रंग जास्त आणि पातळ. ताटलीत रंग ओतून मुलांना बुडवायला दिलं की भाजीला थेंब लोंबेपर्यंत रंग लागतो. भाजीचं स्वतःचं पाणी त्यात मिसळतं आणि तो आणखी पातळ होतो. मग कागदावर आकार उमटत नाही आणि हातावरून, कोपरावरून ओघळ गणवेशावर येतात. ठशाला रंगाचा अगदी पातळ थर लागतो. एवढं सांभाळलंत की स्वच्छतेचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

त्यासाठी रंगाची गादी करा. जुन्या टर्किश टॉवेलचा हातभर तुकडा भिजवून घट्ट पिळा, दोनदा घडी घालून स्टीलच्या ताटलीत पसरा. कोरडा ठेवलात तर कापडच रंगातलं पाणी ओढून घेतं आणि दहा मिनिटांत गादी कडक होते. त्यावर एक मोठा चमचा रंग घालून चमच्याच्या पाठीनं सारवल्यासारखा पसरवा. मुलांनी ठसा गादीवर दाबायचा आणि मग कागदावर दाबायचा. बुडवायला काही उरतच नाही. टॉवेल नसेल तर जुनं सुती बनियन चारपदरी करून चालतं. स्पंज विकत आणू नका, तो फार रंग पितो आणि दाबला की सगळा एकदम सोडतो.

रंग गेरूचा करा. गेरू वाण्याकडे सुटा मिळतो. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरं कावीकाम दिसतं, त्याच जातीची ही लाल माती. आदल्या रात्री गेरू पाण्यात भिजत घाला आणि सकाळी पातळ फडक्यातून गाळून घ्या. खडे राहिले की ठशात रेघा उठतात. एक वाटी पाण्यात एक सपाट मोठा चमचा तांदळाचं पीठ गुठळ्या न होऊ देता कालवा, मंद आचेवर ढवळत खळ शिजवा. गार झाली की खाली बसलेला गेरू दोन चमचे, वरचं पाणी ओतून टाकून, तिच्यात घोटा. रंग जमला की नाही ते कागदावर एक थेंब टाकून कळतं. थेंबाभोवती पाण्याची कड पसरली तर पातळ आहे, आणखी गेरू घाला. थेंब जागच्या जागी फुगीर राहिला की झालं. वाटीभर रंग वीस मुलांना पुरून उरतो. आपल्या हवेत खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून त्याच सकाळी करायची.

दुसरा रंग हवा असेल तर उरलेल्या पैशांत पोस्टर कलरची एक छोटी बाटली घ्या, निळी किंवा हिरवी, आणि तीही याच खळीत मिसळा. दुप्पट पुरते. हळद मात्र टाळा. कागदावर सुरेख दिसते, पण भिंतीवर उन्हात लावलेलं चित्र थोड्याच दिवसांत फिकं पडतं, आणि पांढऱ्या शर्टाला लागली तर घरी साबण लावताच डाग लाल होतो आणि आई दुसऱ्या दिवशी दारात. गेरूचं तसं नाही. कपड्याला लागला तर ओला असताना चोळायचा नाही. पूर्ण वाळू द्यायचा, झटकायचा आणि मग धुवायचा. ही सूचना पालकांना आदल्या दिवशीच द्या, आणि त्या दिवशी जुने कपडे घालून पाठवायलाही सांगा.

आता भाज्या. बटाटा या वयाला मला आवडत नाही. तो कोरून आकार करावा लागतो, म्हणजे काम बाईंचं होतं, आणि कापल्यावर वर येणाऱ्या पिठूळ पाण्यामुळे हातातून सटकतो. भेंडी आडवी कापली की फूल तयारच असतं. त्यातही जून भेंडी घ्या, जी भाजीला कोणी घेत नाही. कोवळी भेंडी दाबली की चेपते आणि आतले कप्पे मिटतात, जून भेंडीचे कप्पे उघडे राहतात. बाजाराच्या शेवटी भाजीवालीकडे मागितलीत तर बहुतेक ती तशीच देईल. देठाकडचा निम्मा भाग ठेवा, म्हणजे मुलाला धरायला मूठ मिळते. कापल्यावर तासभर जुन्या कापडावर पालथी घालून ठेवा, तार आणि पाणी कापडात उतरतं. हा तासभर बऱ्याच जणी वाचवतात आणि मग भेंडी बुळबुळीत म्हणून सोडून देतात. दोडक्याचा आणि कारल्याचा ठसाही असाच घ्यायचा, शिरांमुळे कडा कातरल्यासारख्या येतात. कोबीचा गड्डा उभा कापून एक अर्धा ठेवा. तो दोन्ही हातांनी दाबावा लागतो आणि पानांच्या घड्यांच्या रेघा पाहून मुलं थक्क होतात.

कोकणात असून केळीचा दांडा वापरला नाही तर मात्र मला वाईट वाटेल. जेवणाचं पान कापल्यावर मधला जो जाड दांडा उरतो, तो आडवा कापून पाहा. अर्धचंद्राच्या आकारात जाळीदार पोकळ्या दिसतील, आणि गेरूत उमटल्या की माशाच्या खवल्यांसारख्या दिसतात. हा सगळ्यात सुंदर ठसा, आणि फुकट. पण केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्माचा, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. ओला असताना तो पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळपट तपकिरी होतो. म्हणून दांडा आदल्या संध्याकाळी कापा, वीतभर लांबीचे तुकडे करा, बादलीत दोन-तीनदा पाणी बदलून धुवा आणि रात्रभर उभे निथळत ठेवा. सकाळी टोकाची पातळ चकती कापून टाकली की ताजा, कोरडा तोंडवळा मिळतो. कापलेल्या जागी बोट लावा. चिकट लागलं तर मुलांना देऊ नका.

अळूचा देठ दिसायला तसाच मोहक, पण वापरायचा नाही, कातडीला खाज सुटते. काजूची ओली बी आणि आंब्याचा ताजा देठ चिकामुळे नको. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा करतो आणि कण्हेर विषारी, तेव्हा ही दोन्ही झाडं कुंपणाला असली तरी त्यांची पानं आणू नका. पानं गोळा करायला मुलांना मोकळं सोडण्याआधी एवढी झाडं त्यांना दाखवून ठेवा.

पानांचा ठसा वेगळ्या पद्धतीनं घ्यायचा. आंब्याचं पान गुळगुळीत, त्याच्या शिरा फारशा उमटत नाहीत. पेरूचं पान घ्या, त्याच्या पाठीमागे शिरा चांगल्या वर आलेल्या असतात. सागाचं कोवळं छोटं पान, जास्वंद, पावसाळ्यात नेचा हेही छान. पान ताजं हवं पण ओलं नको, पुसून घ्या. पालथं करून, म्हणजे शिरांची बाजू गादीवर येईल असं ठेवा, वर कागदाचा तुकडा ठेवून तळव्यानं दाबा. मग उचलून कागदावर तीच बाजू खाली करून ठेवा, पुन्हा वर रद्दीचा कागद, आणि मुलानं मधून कडेकडे बोटं फिरवायची. ब्रशनं रंग लावू नका. तो शिरांच्या मधल्या खोलगट जागेत साचतो, आणि तिथं रंग साचला की शिरा दिसेनाशा होतात. ठशात शिरा पुसट आणि मधली जागा भरलेली दिसली तर समजा रंग जास्त झाला. तेच पान पुन्हा रंग न लावता दुसऱ्या कागदावर दाबा, दुसरा ठसा पहिल्यापेक्षा स्वच्छ येतो.

मुलांना जमिनीवर बसवा. टेबलावर हाताच्या जोरानंच दाबावं लागतं आणि तेवढा जोर या वयात नसतो, म्हणून मुलं ठसा घासतात आणि आकार फरफटतो. जमिनीवर उकिडवं बसून वाकलं की अंगाचं वजन आपोआप तळव्यावर येतं. कागदाखाली वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्या ठेवा. भाजी कितीही सरळ कापली तरी थोडी तिरपी असतेच, खालचा मऊपणा ती सांभाळून घेतो. शब्द तीनच वापरा: ठेव, दाब, उचल. कागद म्हणून झेरॉक्सवाल्याकडचे पाठकोरे उत्तम, वहीचा पातळ कागद ठसा उचलताना फाटतो.

वीस जणांना एकदम बसवू नका. पडवीत पाच मुलं आणि तुम्ही, बाकीची मावशींबरोबर अंगणात गाण्याच्या खेळात. एका गटाला दहा-बारा मिनिटं पुरतात. दोन गाद्या ठेवल्यात तर दोन टोकांना ठेवा आणि प्रत्येक गादीचे ठसे त्याच गादीपाशी राहू द्या. मुलं जागा बदलतील, भेंडी बदलणार नाही. नाहीतर तिसऱ्या गटापर्यंत लाल आणि निळा मिळून मातकट रंग होतो. गादी कोरडी वाटली तर रंग ओतू नका, चार बोटांनी पाणी शिंपडा.

उठण्याआधी प्रत्येक मुलानं जागेवर बसूनच ओल्या पंच्यानं हात पुसायचे, मग बादलीत धुवायचे, मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत. नळावर कोणी जायचं नाही, कारण दाराच्या कडीवर आणि भिंतीवर हात उमटतात ते या वाटेवरच. शेवटी खालची रद्दी आतल्या बाजूला गुंडाळत आणली की जमीन जवळजवळ कोरीच असते. गेरूचं बादलीतलं पाणी आणि वापरलेल्या भेंड्या माडाच्या आळ्यात टाका. पोस्टर कलर लागलेल्या भाज्या मात्र गुरांपुढे जाऊ देऊ नका. गाद्या तिथल्या तिथे भिजत टाका, खळ वाळली की मग घासत बसावं लागतं.

कागद वाळवायला पडवीत काथ्याची दोरी बांधा आणि कपड्यांचे चिमटे लावा. हा उपक्रम मी नोव्हेंबर ते मार्चमध्ये ठेवेन. आषाढ-श्रावणात करायचाच असेल तर खळ निम्मी करा आणि कागद दोन दिवस दोरीवर राहू द्या. हाताची पाठ कागदाला लावून पाहायची. गार लागला तर अजून ओल आहे, आणि असे कागद एकावर एक ठेवले तर ते चिकटतात आणि तांदळाच्या खळीला बुरशी धरते. मुलाचं नाव पेन्सिलीनं आधीच मागे लिहून ठेवा. ओल्या कागदांच्या ढिगात कोणाची भेंडी कोणती, हे वीस मुलं वीस प्रकारे सांगतात.