सर्क्युलर बांधतं कुणाला?

प्रश्न: वकीलसाहेब, पुण्यात आमचा प्रयोगशाळेची उपकरणं विकण्याचा व्यवसाय आहे. २०२०-२१ मध्ये १८ टक्के जीएसटी भरून घेतलेला माल सरकारी संशोधन संस्थांना सवलतीच्या ५ टक्क्यांनी विकला. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट तुंबलं म्हणून रिफंड मागितला, तो कर खात्याचं २०२० चं सर्क्युलर दाखवून नाकारला. गेल्या महिन्यात अपीलही फेटाळलं. अधिकारी म्हणतात, खात्याने कायद्याचा जो अर्थ लावला तोच कोर्ट धरतं. टोरांटोतली मुलगी म्हणते, तिकडेही असंच असतं. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिथे २०२४ पासून हे बंद झालं. पुढे लढण्यात अर्थ आहे का?

उत्तर: अर्थ आहे. पहिल्या अपिलात हरलात यावरून तर काहीच ठरत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६८ नुसार कर मंडळ आपल्या अधिकाऱ्यांना सूचना देऊ शकतं आणि त्या पाळणं अधिकाऱ्यांना भाग असतं. तुमचं पहिलं अपील ऐकणाराही खात्याचाच अधिकारी होता, त्यामुळे त्याने सर्क्युलरविरुद्ध जाण्याची आशा कमीच होती. पण या कलमात करदात्याला बांधणारा शब्द नाही, कोर्टाला बांधणारा तर नाहीच.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००८ मध्ये रतन मेल्टिंग प्रकरणात हे स्पष्ट केलं. सर्क्युलर म्हणजे कायद्याबद्दल सरकारची समजूत. ती खात्याला बांधते, कोर्टाला बांधत नाही, आणि कायद्याच्या तरतुदीविरुद्ध असलेल्या सर्क्युलरला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच नसतं.

आता तुमचं सर्क्युलर पाहू. तुंबलेल्या क्रेडिटचा रिफंड कलम ५४(३)(ii) देतं. त्याची मुख्य अट ही आहे: घेतलेल्या मालावरचा कराचा दर विकलेल्या मालावरच्या दरापेक्षा जास्त असल्यामुळे क्रेडिट साचलेलं असावं. घेतलेला आणि विकलेला माल वेगवेगळा असला पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. ही अट ३१ मार्च २०२० च्या सर्क्युलर क्र. १३५ मधल्या परिच्छेद ३.२ ने आणली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बीएमजी इन्फर्मेटिक्स प्रकरणात कलमाचे शब्द स्पष्ट आहेत म्हणून ती बाजूला ठेवली. तिथेही १८ टक्क्यांनी घेतलेला माल संशोधन संस्थांना ५ टक्क्यांनी दिलेला होता, म्हणजे जवळपास तुमचीच कहाणी. मुंबई उच्च न्यायालयावर तो निकाल बंधनकारक नाही, पण कायदा केंद्राचा असल्याने त्याचं वजन पडतं.

दुसरा मुद्दा असा. तो परिच्छेद एकदा स्वतः शांतपणे वाचा. माल तोच, पण ‘वेगवेगळ्या वेळी’ दर वेगवेगळे, अशा व्यवहारांना रिफंड नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे माल घेतला तेव्हा दर जास्त होता आणि विकेपर्यंत सरकारने तो उतरवला, अशी स्थिती. तुमच्याकडे दोन्ही दर एकाच वेळी लागू होते, फरक पडला तो ग्राहकाला मिळणाऱ्या सवलतीमुळे. तेव्हा सर्क्युलर जसंच्या तसं मान्य केलं तरी ते तुमच्यावर लागत नाही. अपिलात हा मुद्दा बऱ्याचदा राहून जातो, कारण सगळा जोर सर्क्युलर कसं चुकीचं आहे हे सांगण्यावर खर्च होतो.

तिसरा मुद्दा त्याहून सोपा. ६ जुलै २०२२ च्या सर्क्युलर क्र. १७३ ने हाच परिच्छेद बदलला आणि सवलतीच्या अधिसूचनेमुळे दर कमी असेल तर त्याच मालावरही रिफंड मिळेल असं सांगितलं. करदात्याच्या बाजूचं सर्क्युलर मात्र खात्याला पाळावं लागतं. ते फक्त पुढच्या काळासाठी आहे, असं सरकारी वकील म्हणतील. त्यावर तुमचं उत्तर असं, की रिफंडचा हक्क कलमातून आला आहे, सर्क्युलरने फक्त आधीची चुकीची समजूत सुधारली.

‘खात्याची जुनी, रूढ समजूत’ हा युक्तिवादही येईल. कायदा झाला त्या सुमाराला त्याचा लावलेला आणि पुढे टिकून राहिलेला अर्थ आपली कोर्टं कधीकधी विचारात घेतात. १९८१ च्या के. पी. वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं केलं, पण तिथे सर्क्युलर करदात्याच्या बाजूचं होतं. तुमच्या बाबतीत कायदा २०१७ चा, समजूत २०२० ची आणि ती सव्वादोन वर्षांत खात्यानेच बदलली. तिला रूढ म्हणणं अवघड आहे.

भाच्याचं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेत १९८४ च्या शेव्हरॉन निकालानुसार कायदा संदिग्ध असेल तर खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्ट स्वीकारत असे. २८ जून २०२४ रोजी लोपर ब्राइट निकालाने ते संपवलं. आता अर्थ कोर्ट स्वतः ठरवतं, खात्याचं मत पटलं तरच त्याला वजन. पण शेव्हरॉनच्या काळातही तुमच्यासारख्या सर्क्युलरचं तिथे बहुधा चाललं नसतं. सीमाशुल्क खात्याच्या साध्या निर्णयपत्रांना तो मान मिळणार नाही, हे मीड प्रकरणात २००१ मध्येच ठरलं होतं.

मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कॅनडात २०१९ च्या वाविलोव्ह निकालानुसार कोर्ट साधारणपणे खात्याचा निर्णय वाजवी आहे का एवढंच तपासतं. मात्र कायद्याने कोर्टाकडे अपील दिलेलं असेल, तर कायद्याचा प्रश्न कोर्ट स्वतः सोडवतं. आणि ‘वाजवी’ ही काही मोकळी सूट नव्हे. वाविलोव्हचं नागरिकत्व रद्द करताना खात्याने लावलेला अर्थ त्याच कसोटीवर टिकला नाही. ऑस्ट्रेलियाने २००० च्या एनफिल्ड प्रकरणात शेव्हरॉनची वाट नाकारली. भारत या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या जवळ आहे. तेव्हा परदेशी निकालांची यादी अपिलात जोडू नका. आपलं घटनापीठ असताना त्यांची गरज नाही.

करायचं ते असं. आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटी अपील ट्रिब्युनलकडे APL-05 हा अपिलाचा फॉर्म भरा. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिन्यांपर्यंतचा उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. आदेशात कराची किंवा दंडाची मागणी नसेल तर वादातल्या रकमेच्या १० टक्के आगाऊ भरण्याचा प्रश्न सहसा येत नाही, फक्त फी लागते. सर्क्युलर रद्द करा असं मागू नका, ते ट्रिब्युनलचं काम नाही. कलम वाचून सर्क्युलर लागू करू नये, एवढंच मागा.

आकडेही सोबत द्या. समजा १० लाखांचा माल घेतला, कर १,८०,००० भरला. तो १२ लाखांना विकला, कर ६०,००० झाला. सगळी विक्री याच प्रकारची असेल तर नियम ८९(५) च्या सूत्राने १,२०,००० निघतात. भाडं, वाहतूक अशा सेवांवरचं क्रेडिट यात धरू नका. सेवा वगळणारं हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व्हीकेसी फूटस्टेप्स प्रकरणात कायम ठेवलं आहे. तो कायद्याखाली केलेला नियम आहे, सर्क्युलर नाही. त्याच्याशी भांडून बाकीचा दावा कमजोर होईल. प्रत्येक ५ टक्क्यांच्या बिलामागे संस्थेचं सवलतीचं प्रमाणपत्र लावा. ते नसेल तर वाद सर्क्युलरवरून सवलतीवरच घसरेल.

शेवटी एक तपासून घ्या. RFD-01 हा रिफंडचा अर्ज भरताना ही रक्कम तुमच्या क्रेडिट लेजरमधून वजा झाली असेल. नाकारल्यावर ती खात्याच्या PMT-03 आदेशाने परत जमा करून घेण्यासाठी ‘मी अपील करणार नाही’ असं हमीपत्र लिहून द्यावं लागतं. तुमच्या अकाउंटंटने ते कधी दिलं आहे का, हे आजच विचारा. दिलं असेल तर अपील भरण्याआधी ते कागद घेऊन भेटा.