मिस्त्रीचा 'ब्रास' आणि गुरुजींची झोप

"घराचं बांधकाम काढलंय. मिस्त्री ब्रास, सूत, माल असं काही बोलत असतो आणि मी नुसती मान हलवते. विचारलं तर अडाणी समजून फसवतील अशी भीती वाटते. काय करू?"

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, अशी तक्रार होती. बोलता बोलता मूळ निघालं स्लॅबच्या बिलात.

वाळू येत होती तेव्हा गुरुजींनी एका नातेवाइकाला हळूच विचारून घेतलं होतं, की ब्रास म्हणजे 100 घनफूट. पुढे मिस्त्रीने स्लॅबची मजुरी ब्रासवर सांगितली. 30 बाय 25 फुटांचा, 5 इंच जाडीचा स्लॅब. गुरुजींनी मनात हिशेब केला, साधारण 312 घनफूट, म्हणजे तीन ब्रासच्या थोडं वर. बिल आलं साडेसात ब्रासचं. स्लॅब, गिलावा, फरशी यांच्या मजुरीत ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, जाडी त्यात धरत नाहीत. मिस्त्री खोटं बोलत नव्हता, पण गुरुजींच्या मनात फसवलं गेल्याची सल बसली होती.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांना शब्द ठाऊक होता, आणि म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. तेव्हा शब्दाचा अर्थ विचारू नका, मोजमाप विचारा. "ब्रास म्हणजे 100 ना?" याला मिस्त्री "हो" म्हणेल आणि ते खरंही असेल. "या स्लॅबचे किती ब्रास धरणार, टेप लावून दाखवा" याला नुसतं "हो" म्हणून चालत नाही, आकडा सांगावाच लागतो. तो तुमच्या आकड्याशी जुळला नाही तर काम सुरू होण्याआधीच कळतं. असं विचारणारी बाई अडाणी वाटत नाही, हिशेबी वाटते.

सळईचंही तसंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "तीन सुताची टाकू" असं तो म्हणाला, की "म्हणजे 10 एमएमची, कुठे कुठे येणार?" असं विचारा. 'माल' म्हणजे सिमेंट-वाळूचं कालवलेलं मिश्रण. तो शब्द आला तर "सिमेंटच्या एका गोणीला किती घमेली वाळू?" एवढं पुरे.

गुरुजींनी गिलाव्याच्या वेळी हेच केलं. एका भिंतीवर टेप धरून मिस्त्रीला मोजायला लावलं. तेव्हा समजलं की तो खिडकीची जागा वजा करत नाही, कारण तिच्या कडा करायला वेळ जातो. दोघांनी बोलून त्याच भिंतीवर खडूने आकडा लिहिला, आणि बाकीच्या भिंती त्याच हिशेबाने मोजल्या.