साखर नॉर्मल, तरी साखरेची गोळी कशासाठी?

“माझी उपाशीपोटी साखर ९२ आली, तरी पीसीओएस या अंडाशयाच्या आजारासाठी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी दिली आहे. पाळी तीन-तीन महिने येत नाही. मैत्रिणीला याच आजारासाठी महिन्याच्या गोळ्या दिल्या. आम्हाला मूल हवे आहे. बरोबर काय?”

ताई, दोघींचेही उपचार बरोबर असू शकतात, कारण या आजारात औषध रिपोर्टाइतकेच बाईला आत्ता काय हवे आहे यावरून ठरते.

साखर ९२ राहिली, पण ती तशी ठेवायला स्वादुपिंडाला किती इन्सुलिन सोडावे लागले, हे त्या आकड्यात दिसत नाही. या आजारात स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, अंडाशय मात्र देते, आणि वाढलेल्या इन्सुलिनमुळे तिथे अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरके, जास्त तयार होतात. त्यांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृत याच इन्सुलिनमुळे कमी बनवते, म्हणून मोकळे अँड्रोजन वाढते. परिणामी बीजकोश वाढता वाढता ५ ते ८ मिलिमीटरवरच थांबतात. सोनोग्राफीत ‘गाठी’ म्हणून लिहितात ते हेच अडकलेले बीजकोश. त्या काढून टाकायच्या गाठी नव्हेत. बीज सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि मग पाळी आली की अंगावर फार जाते.

लातूरच्या ज्या दवाखान्यात मी परिचारिका होते, तिथे औशाकडची २६ वर्षांची, ७४ किलो वजनाची एक बाई येत असे. मानेवरचा काळा पट्टा मळ समजून ती दगडाने घासत असे. तो इन्सुलिनचा प्रभाव कमी झाल्याची खूण होता. उपाशीपोटी साखर ९४ होती, पण ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी ती १५८ भरली, म्हणजे १४० च्या पुढे. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक होते, पतीची वीर्यतपासणीही ठीक होती. तिलाही मूल हवे होते, म्हणून पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस बीज वाढवणारे लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम दिले, आणि जोडीला रात्रीच्या जेवणासोबत मेटफॉर्मिन. पहिल्या महिन्यात बीजकोश ११ मिलिमीटरवर अडकला. पुढच्या महिन्यात लेट्रोझोल ५ मिलिग्रॅम केल्यावर चौदाव्या दिवशी तो १९ मिलिमीटर झाला, आणि आठवड्याने रक्तातले प्रोजेस्टेरॉन वाढलेले दिसले, तेव्हा बीज सुटल्याची खात्री पटली.

मैत्रिणीच्या महिन्याच्या गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक गोळ्या. त्या अँड्रोजन बांधणारे प्रथिन वाढवतात आणि अस्तराचे रक्षण करतात, पण बीज सुटणे थांबवतात; मूल हवे असताना त्या उपयोगाच्या नाहीत. रक्तदाब किंवा डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल तरी त्या टाळतात.

तुमच्या मेटफॉर्मिनने इन्सुलिन उतरून काहींचे बीज सुटू लागते, परंतु त्या कामात लेट्रोझोल सरस आहे. म्हणून ७५ ग्रॅमची तपासणी झाली का आणि लेट्रोझोल केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांना विचारा. गोळी जेवणासोबतच घ्या, नाहीतर मळमळ आणि जुलाब होतात. आणि तीन महिने पाळी आली नसेल, तर आधी गर्भधारणेची तपासणी करा. गर्भधारणा नसल्यास पाळी आणण्यासाठी प्रोजेस्टेरॉन देतात, ते अस्तरासाठी आवश्यक आहे.