पाणी का बंद केलं रे?

"आप्पा, मी 21 वर्षांचा, चोपड्याकडचा. 14 महिने झाले जिम लावून, 58 किलोवरून 64 वर आलो, उंची 5 फूट 7. पण इन्स्टावर माझ्याच उंचीचा एक जण आहे, 88 किलो, कडक सिक्स पॅक, स्वतःला नॅचरल म्हणतो. त्याला बघितलं की आरशात बघू वाटत नाही. मे महिन्यात मावसभावाच्या हळदीत शर्ट काढून फोटो काढायचा होता, आदल्या दिवसापासून पाणीपण बंद ठेवलं तरी काहीच दिसलं नाही, उलट बारीकच दिसलो. माझं काय चुकतंय? पावडर बदलू का?"

भो, पावडरचं नंतर बघू. मे महिन्यात, आपल्या खान्देशात, जिथं पारा 44-45 ला जातो, तिथं तू दीड दिवस पाणी बंद ठेवतो आणि हे मला जाता जाता सांगतो? डोकं ठिकाणावर आहे का रे? लघवी गर्द पिवळी झाली असेल, पायात गोळे आले असतील, उठताना चक्कर आली असेल, आणि तू समजला असशील की आता कट्स यायला लागले. त्या उन्हात घाम यायचा थांबला असता आणि बोलताना बरळायला लागला असतास ना, तर हळद सोडून तुला घेऊन दवाखान्यात पळावं लागलं असतं सगळ्यांना.

आणि बारीक का दिसला तेही ऐक. स्नायूत पाऊण भाग पाणीच असतं. भात, भाकरी, केळं खाल्लं की स्नायूत साखरेचा साठा होतो, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं, त्यानेच दंड भरलेला दिसतो. तू पाणी तोडलं तर शरीर काय फक्त कातडीखालचं पाणी काढून देणार आहे का, स्नायूतलंही जातं, मग दंड चपटा पडतो. स्टेजवाले लोक हा खेळ लघवीच्या गोळ्या घेऊन करतात, आणि मोहम्मद बेनाझिझा नावाचा नावाजलेला बॉडीबिल्डर 1992 साली स्पर्धा जिंकून काही तासांतच गेला, तो ह्याच पाणी काढायच्या नादात असं मानतात.

बरं, तुझा तो 88 किलोवाला. एक हिशोब कर. वजनातून चरबी वजा कर, उरलं त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भाग. तुमची दोघांची उंची 1.70, वर्ग 2.89. असे पॅक दिसतात म्हणजे चरबी 8 टक्के धरू, चरबी सोडून 81 किलो उरलं, भागलं तर 28. तुझी चरबी 17 टक्के धरली तर 53 किलो, म्हणजे 18 च्या थोडं वर. 1995 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी स्टेरॉइड घेणारे आणि न घेणारे खेळाडू असे मोजले होते, तर न घेणारे साधारण 25 पर्यंत येऊन थांबले. एखादा जन्मजात दणकट गडी थोडा पुढे जातो, चरबीचा आपला अंदाजही चुकू शकतो, पण 28 म्हणजे एकतर वजन खोटं सांगतोय, नाहीतर फोटो खोटा, नाहीतर सुई. चौथं मला तरी सुचत नाही.

फोटो खोटा असेल तर त्याच्या कमरेकडे बघू नको, कमरेमागची फरशी बघ, दाराची चौकट बघ. ॲपमध्ये कंबर आत ढकलली की मागची सरळ रेघही सोबत वाकते. व्हिडिओत हात कमरेसमोरून गेला की कड थरथरते. आणि एडिट नसलं तरी फोटोआधी व्यायाम करून रक्त भरलेलं असतं, उजेड वरून तिरपा पाडलेला असतो, शंभरातला एक फोटो टाकलेला असतो. हे तूही कर की, मला काही हरकत नाही, पुढच्या हळदीला दुपारी पोटभर जेव, पाणी पी, मंडपामागे जाऊन वीसेक दंड मार आणि उन्हं कलताना फोटो काढ.

14 महिन्यांत 6 किलो म्हणजे तू छान चालला आहेस, अर्थात सगळा स्नायू नाही, थोडी चरबी, थोडं पाणी धरच. पण दुसऱ्या वर्षी वेग साधारण अर्धा होतो, तिसऱ्याला अजून कमी, तेव्हा घाबरून जाऊ नको. अजून तीन-चार वर्षं नेटाने केलं तर 70-72 किलोचा घट्ट गडी होशील, पोटावर बारा महिने पॅक नसतील, श्वास घेतला की थोडं पोट दिसेल, जेवल्यावर जास्त दिसेल. नॅचरल शरीर असंच असतं.

तर एकच सांगतो, पाणी परत कधी तोडायचं नाही, फोटोसाठी नाही, वजनासाठी नाही, कोणी ट्रेनर सांगो की अजून कोणी.

पावडर आहे तीच राहू दे. तुझ्या वजनाला दिवसाला शंभरेक ग्रॅम प्रोटीन पुरतं, ते डाळ, दूध, अंडी आणि एक स्कूप मिळून होतं. आणि जिममध्ये कोणी "एक छोटासा कोर्स मार" म्हणाला, तर पिशवी उचल आणि जिम बदल.

— आप्पा