हप्त्यातलं व्याज आधी का जातं?

तुमचं 30 लाखांचं गृहकर्ज, 9 टक्के, 20 वर्षं; हप्ता साधारण 26,992 रुपये. बँक दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर व्याज लावते. पहिल्या महिन्यात 30 लाखांवर पाऊण टक्का, म्हणजे 22,500. मुद्दलात गेले फक्त 4,492. त्यामुळे पुढच्या महिन्याचं व्याज जेमतेम 34 रुपयांनी घटतं. यात बँकेची लबाडी नाही. सुरुवातीला मुद्दलच मोठं असतं. व्याजापेक्षा मुद्दलाचा वाटा मोठा व्हायला तब्बल बारा वर्षं उलटतात.

म्हणून बोनस आला की पहिल्या काही वर्षांतच मुद्दलात भरा. मात्र हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं बँकेला लेखी कळवा. हप्ता कमी करून घेतलात, तर व्याजाची बचत बरीच घटते.